सकाळचे दहा ते दुपारचा एक: निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष

महाराष्ट्रात माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. राज्य सरकारी नोकरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला कार्यालयाकार्यालयांत निरोप समारंभ लागतात आणि शाल-श्रीफळवाल्यांची चलती असते. मी त्याच तुकडीतला. नाशिकला पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि ५८ व्या वर्षी कार्यालयीन अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. वर्ष झालं. पैसे कुठे ठेवावेत हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडून देतो. दिवसाचं काय करायचं ते पायरीपायरीने लिहितो, कारण पुढच्या ३१ मेची तुकडी तयारच असेल.

सुरुवात कागदांनी होते. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रस्ताव महालेखापालांकडे जायला हवा असतो. त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून यावं लागतं, घरबांधणी अग्रिमासारख्या जुन्या कर्जांचे ना-देय दाखले लागतात आणि पत्नीसोबतचे फोटो, बँक खातं, वारसाचं नामनिर्देशन हे सगळं जोडावं लागतं. पुढे निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरण असे तीन वेगळे आदेश येतात. पहिल्या प्रदानासाठी कोषागारात ओळख पटवायला स्वतः जावं लागतं. भविष्य निर्वाह निधी, गटविमा आणि शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण (जास्तीत जास्त ३०० दिवसांचं) आपल्याच कार्यालयातून निघतं. प्रस्ताव अडकला तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मंजूर करता येतं. ते मागायला संकोच करू नका. पण मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. कागद चालू असतात तोवर नोकरी संपल्याचं जाणवतच नाही. जून-जुलैमध्ये “जरा फाईल बघून येतो” म्हणून कार्यालयात जाता येतं. शिपाई चहा आणतो, लोक “या साहेब” म्हणतात, एखाद्या जुन्या नस्तीचा क्रमांक विचारतात. ऑगस्टच्या सुमारास पहिलं निवृत्तिवेतन खात्यात पडतं आणि जायला कारण उरत नाही. माझ्याबरोबरच्या बहुतेकांची खरी निवृत्ती तिथे सुरू झाली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यांत सुरुवातीच्या मोकळेपणानंतर भ्रमनिरास येतो आणि मग नव्याने बसवाबसव होते. सगळ्यांना सगळे टप्पे लागतात असं नाही आणि त्यांचं वेळापत्रकही ठरलेलं नाही. आपल्याकडे मात्र कागदांमुळे पहिला टप्पा लांबतो आणि त्याचा शेवट एका एसेमेसने होतो.

म्हणून पहिली सूचना अशी: जून लागताच कागदांसाठी आठवड्यातली एकच सकाळ ठेवा, समजा बुधवार. एक फाईल आणि एक वही पुरते. वहीत तारीख, कोणत्या टेबलावर गेलो, काय सांगितलं, पुढची तारीख. बाकीच्या सकाळी कागदांना हात लावायचा नाही. पैसे त्यामुळे एक दिवसही उशिरा मिळत नाहीत, आणि रिकाम्या सकाळी ऑगस्टऐवजी जूनमध्येच दिसू लागतात. उरलेली पोकळी लवकर दिसलेली बरी.

नेमकं काय जातं, हे मला एका जुन्या अभ्यासातून नीट कळलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गिरणीगाव होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन लोकांकडून दिवसाचे तक्ते भरून घेतले, रस्त्यावर लोक किती वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात हेसुद्धा मोजलं. वेळच वेळ असूनही पुरुष दिवसाबद्दल फारसं काही लिहू शकले नाहीत. सकाळी उठणं आणि दुपारचं जेवण यांच्या मधल्या वेळाचं काय झालं ते त्यांना सांगता येईना. गावच्या वाचनालयात वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेणं कमी झालं. बायका मात्र रस्त्याने भरभर चालत होत्या, कारण त्यांचं घरकाम कुठे बंद पडलं नव्हतं.

याहोदाने पुढे सांगितलं की नोकरी पगारासोबत न मागता पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी नेमाची गाठ, अनेकांनी मिळून करायचं काम, समाजात एक ओळख, आणि हातपाय हलवायची सक्ती. ती लिहीत होती बेकारांबद्दल. आपल्याला निवृत्तिवेतन येतं आणि निवृत्त होण्यात लाजही नाही, हा फरक मोठा आहे. पण बाकी पाच गोष्टी ३१ मेला संध्याकाळी एकदमच थांबतात. लोक म्हणतात “छंद लावून घ्या.” छंदाने यांतली शेवटची गोष्ट भागते, फार तर पहिली थोडीशी. घरात बसून पेटी वाजवणारा माणूस आला नाही म्हणून कोणाचं अडत नाही.

ऑगस्टमध्ये मी तक्ता मांडला. ही पद्धत मानसोपचारात नैराश्यावर वापरतात, तिच्यात थोडा बदल केला आहे. साठ रुपयांची दोनशे पानी वही पुरते. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तासातासाच्या ओळी आखायच्या. पहिल्या रकान्यात काय केलं, दुसऱ्यात कोणाबरोबर. तिसऱ्यात ‘जमलं’ याला शून्य ते दहा गुण, म्हणजे आपल्या हातून काही नीट पार पडलं असं किती वाटलं. चौथ्यात ‘बरं वाटलं’ याला शून्य ते दहा. हे दोन रकाने वेगळेच ठेवायचे. वीजबिलाची तक्रार निकाली लावण्यात सात गुणांचं जमतं आणि दोन गुणांचंच बरं वाटतं, आणि भेळ खाण्यात उलटं. दोन्ही शून्याजवळ असतील तो तास खरा रिकामा. पाचवा रकाना मी वाढवला: मी नसतो तर कोणाचं अडलं असतं? हो किंवा नाही.

तक्ता दोन आठवडे भरायचा, शनिवार-रविवारसह. दिवसातून तीनदा भरायचा: जेवणाआधी, चहानंतर आणि झोपताना. सगळं रात्री एकदम लिहिलं तर त्या वेळच्या मनःस्थितीचा रंग सबंध दिवसाला लागतो आणि सकाळी मिळालेले आठ गुण रात्री तीन होतात. दिवस सुधारण्याचा प्रयत्न या दोन आठवड्यांत करायचा नाही, आहे तसा उतरवायचा. पानं कोणाला दाखवायची गरज नाही, म्हणजे खोटं लिहायचंही कारण राहत नाही.

आता एक पान वाचून दाखवतो. असं पान आमच्या तुकडीतल्या कोणाचंही असू शकतं. साडेपाचला जाग, सवयीने. सव्वासहा ते सव्वासात गोल्फ क्लबच्या मैदानावर चालणं, चार जणांबरोबर: जमलं पाच, बरं वाटलं आठ, अडलं असतं हो, कारण न गेल्यास चौघांपैकी कोणीतरी फोन करतो. आठ ते साडेनऊ पेपर, मग तोच पेपर पुन्हा, मग मोबाइल: दोन आणि तीन. साडेनऊला अंघोळ आणि इस्त्रीचा शर्ट. दहा ते एक: पासबुक भरून आणणं, टीव्हीवर बातम्या, गॅलरीत उभं राहणं, “काय करतेस?” म्हणून स्वयंपाकघरात डोकावणं: एक आणि एक. एकला जेवण. दीड ते चार झोप. चार ते साडेसहा टीव्ही. साडेसहाला कट्टा: तीन आणि सहा. दहाला अंथरुणावर, आणि झोप एकच्या पुढे.

दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की दोन गोष्टी उठून दिसतात. पोकळी सगळ्या दिवसावर सारखी पसरलेली नसते, ती दहा ते एक या तीन तासांत साचलेली असते. शरीर नोकरीच्या वेळेला तयार होतं, शर्टही चढतो, आणि पुढे काहीच होत नाही. उरलेला दिवस या तीन तासांचा परिणाम असतो. कंटाळ्याने दुपारी अडीच तास झोप लागते, त्यामुळे रात्री झोप येत नाही, आणि रात्री जागं राहिलं की नको ते विचार येतात. “निवृत्तीनंतर झोप उडाली” अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी दुपारची झोप मोजावी. ती अर्ध्या तासावर आणायची, तीनच्या आत उठायचं आणि सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. रात्रीची झोप रुळायला दोनेक आठवडे लागतात आणि पहिले चार दिवस संध्याकाळी डोळे मिटतात, ते सोसावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चालण्याला आठ गुण का मिळाले. व्यायाम हे कारण नाही. पाऊस असला की तेच चालणं गच्चीवर एकट्याने व्हायचं आणि गुण चारावर यायचे. फरक वाट पाहणाऱ्या चौघांचा. पाचव्या रकान्यात ‘हो’ असलेले तास जवळजवळ नेहमीच वरच्या गुणांचे निघतात. म्हणून तक्ता भरून झाल्यावर शोधायची गोष्ट अशी: दहा ते एक या वेळात, घराबाहेर, ठरलेल्या वारी, जिथे आपण न गेल्यास कोणाच्या तरी लक्षात येईल असं काय आहे? आणखी दोन अटी मी घातल्या. कामातून दर वेळी काहीतरी पुरं झालेलं निघावं, आणि मुदत आधी ठरलेली असावी, तीन महिन्यांची.

या अटींवर बऱ्याच चांगल्या वाटणाऱ्या गोष्टी गळतात. सार्वजनिक वाचनालय नाशिकचं मोठं धन आहे, १८४० पासूनचं, आणि मी तिथे जातोही. पण वाचन कक्षात बसलो नाही तर कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून दिवस बांधायच्या पहिल्या खुंटीसाठी ते चालत नाही. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे. तिथल्या अभ्यासक्रमाला मुदत असते, पण रोजची सकाळ त्याने भरत नाही. नातवंडं सांभाळणं पाचव्या रकान्यात ठळक ‘हो’ मिळवतं, फक्त वेळ आणि सुट्टी सूनबाई-मुलाच्या नोकरीवर ठरते. ज्यांच्या वाट्याला ते आहे त्यांनी त्याचेही वार आणि तास ठरवून घ्यावेत.

सप्टेंबरात एक सापळा येतो, तो म्हणजे गणपती. निवृत्त माणूस मोकळा आहे हे कळताच मंडळ, सोसायटी, जातीची संस्था, माजी विद्यार्थी संघ, सगळ्यांना खजिनदार हवा असतो. भुकेलेला माणूस सगळ्यांना हो म्हणतो आणि डिसेंबरात सगळ्यांशी भांडतो. पहिले सहा महिने धनादेशावर सही करावी लागेल किंवा निवडणूक लढवावी लागेल असं कुठलंच पद घेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. पद मिळालं की जुन्या खुर्चीची भूक तात्पुरती भागते, पण दिवस बांधला जात नाही. सभा महिन्यातून एकदा असते आणि भांडण रोज चालतं.

माझी पहिली खुंटी ऑक्टोबरात बसली. ओझर-दिंडोरी पट्ट्यात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था जुन्या आहेत. वाघाड प्रकल्पाचं पाणी तर सगळं शेतकरीच सांभाळतात. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना बळ आलं. खातं संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मोजून देतं, आणि आत कोणाला किती, कधी, कोणत्या दराने हे संस्था ठरवते. रब्बीचा सिंचन हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याच सुमारास द्राक्षांची छाटणी उरकत असते आणि पाण्याच्या अर्जांचा ढीग पडतो. अशा एका संस्थेचे सचिव ओळखीचे होते. त्यांना विचारलं, “भाऊ, पाणीपट्टीची खातेवही किती वर्षं जुळवलेली नाही?” ते हसले. उत्तर कळलं.

ठरवलं ते एवढंच: मंगळवार आणि शुक्रवार, साडेदहा ते एक, जानेवारीअखेरपर्यंत. काम एकच, मागणी-वसुली-बाकीची वही अर्जांशी आणि पावत्यांशी ताडून पाहणं. मानधन नाही, जाण्यायेण्याचं भाडं माझं, ते महिन्याला हजाराच्या आत बसतं. निर्णय मी घेणार नाही, सही करणार नाही, आणि आवर्तन कोणाला आधी यावर बोलणार नाही. ही शेवटची अट महत्त्वाची ठरली. पाण्याची पाळी हा गावातला सगळ्यात नाजूक विषय, आणि निवृत्त पाटबंधारेवाल्याला त्यावर मत असतंच.

काम असं चालतं. प्रत्येक सभासदाचा पाणी अर्ज घ्यायचा. त्यात गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र असतं. त्यावरून आकारणी बसते, ती खातेवहीत मागणी म्हणून चढलेली हवी. मग पावतीपुस्तकाची स्थळप्रत बघून वसुली चढवायची आणि उरते ती बाकी. चुका साधारण तीन ठिकाणी सापडतात. भावाभावांत वाटणी झाली पण खातं बापाच्या नावावर राहिलं, तर पावती एकाच्या नावे आणि बाकी दुसऱ्याच्या. अर्ज अर्ध्या हेक्टरचा आणि प्रत्यक्ष भिजवलं पाऊण, तर कालवा निरीक्षकाच्या नोंदवहीत एक क्षेत्र आणि अर्जात दुसरं. आणि मागच्या सालची बाकी पुढच्या पानावर ओढायचीच राहिली, तर ती परस्पर माफ झाल्यासारखी होते. एका बैठकीत पंधरा-वीस खाती नीट होतात. तेवढी झाली की थांबायचं, आणि शेवटच्या जुळलेल्या खात्यापुढे पेन्सिलने तारीख टाकायची. तक्त्यात अशा दिवशी ‘जमलं’ला आठ पडले, ‘बरं वाटलं’ला सुरुवातीला चारच.

ते चार का, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महिन्यात सचिव आणि तिथला पोरगेला लिपिक अवघडलेले दिसू लागले. बाहेरचा माणूस चुका काढतो म्हणजे तपासणीच आली, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. नोकरीतून आलेला माणूस नकळत शेरे मारतो, आणि शेरा खालच्या माणसासाठी असतो. यावर उपाय साधा निघाला. चुकीची नोंद मी दुरुस्त करायची नाही, लिपिकासमोर पावती ठेवायची आणि दुरुस्ती त्याने त्याच्या हाताने करायची. नोंदीवर नाव त्याचंच राहतं. डिसेंबरात तोच फोन करून विचारू लागला, “काका, शुक्रवारी येताय ना? कर्जाच्या दाखल्यासाठी दोघं जण बाकी विचारायला येणार आहेत.” साहेबाचा काका होणं ही निवृत्तीतली खरी बढती. ती आदेशाने मिळत नाही आणि पहिले काही आठवडे टोचते.

मध्ये नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचा हा महिना. बँकेत यादीवर सही करता येते, किंवा मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ करता येतं. वय झालेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही आणि माणूस घाबरतो. चेहऱ्याने ओळख पटवायची सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप आणि जीवन प्रमाणचं अ‍ॅप अशी दोन अ‍ॅप्स लागतात. सोबत आधार क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक आणि खाते क्रमांक. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढावा, आणि मान हलवू नये. प्रमाण क्रमांकाचा एसेमेस आल्याशिवाय काम झालं असं धरू नये, आणि दाखला पोचला का हे बँकेत किंवा कोषागारात एकदा विचारून घ्यावं. आमच्या तुकडीतल्या तिघांनी नोव्हेंबरभर गुरुवारी एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसून हे केलं. पाचव्या रकान्यासाठी याहून चोख काम नाही. पण ते नोव्हेंबरचंच आहे. डिसेंबरात खोली रिकामी असते, म्हणून वर्षाची खुंटी म्हणून त्यावर विसंबू नये.

पहिली खुंटी घट्ट बसायला तीन आठवडे द्यावेत, मगच दुसरी ठोकावी. दोन्ही एकदम ठोकल्या तर कुठल्या कामाने काय झालं हे तक्त्यात कळत नाही आणि दमलं की दोन्ही सुटतात. आठवड्याला तीन सकाळी भरल्या की पुरे. सगळ्या पाच भरायला गेलं की पुन्हा नोकरीच झाली.

घराचं काय, हा प्रश्न आधी यायला हवा होता असं बायका म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. साडेनऊ ते सहा हे घर तीस वर्षं तिचं होतं. तिचं शिवणटिपण, मैत्रिणी, दुपारची मालिका, अर्धा तास नुसतं पडणं, सगळं त्या वेळात बसवलेलं. तिथे अचानक एक रिकामा अधीक्षक येतो आणि डब्यांची मांडणी सुधारू लागतो. आमच्या तुकडीतल्या एकाला घरून ऐकावं लागलं, “अहो, हे तुमचं आवक-जावक टेबल नाही.” यावर करायचं ते असं. आठवड्याचा तक्ता दोघांनी मिळून मांडायचा आणि कोणत्या वेळी घर एकटीचं हे आधी तिने भरायचं. ‘मदत’ हा प्रकार बंद करायचा, कारण मदतनिसाला सांगावं लागतं आणि सांगणं हेच काम. त्याऐवजी एक-दोन कामं मुळापासून शेवटपर्यंत आपल्याकडे घ्यायची. भाजी घेतली तर काय संपलंय हे बघण्यापासून निवडून ठेवण्यापर्यंत आपली. त्यात तिच्या पद्धतीपेक्षा वेगळं झालं तर चालेल का, हेही आधीच बोलून घ्यावं. आमच्याकडे मेथीवरून बोलणी लांबली होती.

कुठवर हे वेळापत्रकाने सुटतं आणि कुठून पुढे डॉक्टर लागतो, हे ओळखायला तक्ताच कामी येतो. दिवस रिकामा असला तरी चांगल्या तासाला गुण चढत असतील, नातू आला की सात पडत असतील, तर प्रश्न दिवसाच्या बांधणीचा आहे. पण दोन आठवडे बहुतेक दिवस कशालाच गुण चढत नाहीत, आवडत्या गोष्टीलाही नाहीत, पहाटे तीन-चारला जाग येऊन छातीत धस्स होतं, जेवण कमी झालं, वजन घटलं, आपण ओझं आहोत असं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषधोपचार आहेत. डॉक्टरांकडे वही घेऊन जावं. दहा मिनिटांच्या भेटीत ती बोलण्यापेक्षा जास्त सांगते. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेतही असंच मरगळल्यासारखं होतं. कानही तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारा माणूस कट्ट्यावर जाणं हळूच बंद करतो आणि घरचे म्हणतात स्वभाव बदलला. मरणाचे विचार येत असतील तर भेटीची वाट न पाहता १४४१६ वर फोन करावा. ही टेली मानस सेवा चोवीस तास आहे, मराठीतही आहे आणि मोफत आहे.

जानेवारीत मुदत संपली तेव्हा संस्थेशी पुन्हा बसलो. उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून, तेवढ्यापुरती मुदत वाढली, आणि आता खातेवहीसोबत वार्षिक सभेच्या कागदांची तयारी आली. लोक विचारतात “सध्या काय करता?” तर उत्तरात ‘माजी’ लावायची गरज उरली नाही. “ओझरला मंगळवार-शुक्रवार पाण्याचं खातं बघतो” एवढं पुरतं, आणि पुढचा प्रश्न पाण्यावर येतो.

मे महिन्यात पुन्हा दोन आठवडे तक्ता भरला. दहा ते एक तीन दिवस भरलेले आहेत, दुपारची झोप अर्ध्या तासाची झाली आहे. संध्याकाळचे चार ते साडेसहा मात्र अजून टीव्हीचेच आहेत, दोन आणि तीन गुणांचे. ऑगस्टमध्येही ते तसेच होते, पण दहा ते एकच्या पोकळीपुढे दिसले नव्हते. शिवाय संस्थेचं काम हंगामावर चालतं. जुलैपासून रब्बीचे अर्ज येईपर्यंत, पाऊस नीट झाला तर, खातेवहीत फारसं काही घडत नाही. ते तीन-साडेतीन महिने कुठे घालायचे याची बोलणी आत्ताच करायला हवी, कारण शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि गणित शिकवायला माणूस हवा असणाऱ्यांची यादी त्याआधीच ठरते. एका महापालिका शाळेत चौकशी केली आहे. त्यांनी ओळखपत्र, पोलीस पडताळणीचा दाखला आणि वार-वेळेचा लेखी अर्ज मागितला आहे. अर्जात चार ते साडेपाच लिहिलं आहे.